साप्ताहिक अहवालाचे वर्कबुक: रिफ्रेश कसे करावे आणि ताळा कसा घ्यावा

हे टिपण माझ्यानंतर साप्ताहिक अहवालाचे काम हाती घेणाऱ्या सहकाऱ्यासाठी आहे. वर्कबुकमध्ये शीट बऱ्याच आहेत आणि पहिल्यांदा उघडल्यावर ते गुंतागुंतीचे वाटते. प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाचे उत्तर देते: गेल्या आठवड्यात देय असलेल्या ऑर्डरींपैकी किती वेळेत पोहोचल्या आणि कोणत्या विभागात किती. रिफ्रेश करण्याला काही मिनिटेच लागतात. माझा खरा वेळ जातो तो आलेला आकडा बरोबर आहे याची खात्री करण्यात, म्हणून या टिपणाचा मोठा भागही त्यासाठीच दिला आहे.

प्रथम माहिती कुठून कुठे जाते ते पाहू. ऑर्डर प्रणालीतून दर आठवड्याची एक सीएसव्ही फाइल डाउनलोड करायची आणि ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. वर्कबुकमधली `Orders` ही क्वेरी त्या फोल्डरमधल्या सर्व फाइली एकाखाली एक जोडते. त्यानंतर प्रत्येक ऑर्डरीवरचा केंद्राचा कोड घेऊन ती `Centres` या यादीत पाहते आणि त्या केंद्राचा विभाग ऑर्डरीपुढे लिहिते. ही जोडलेली माहिती `tblOrders` या तक्त्यात उतरते, त्यावरून पिव्हट तयार होते आणि पिव्हटवरून अहवालाचे पान भरते. `Centres` ही यादी मात्र कुठूनही आपोआप येत नाही. ती वर्कबुकमध्येच हाताने सांभाळलेली आहे, आणि बहुतेक गडबडी तिथेच उगम पावतात.

आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. तरीही मी हे काम सोमवारी न करता मंगळवारी सकाळी करते, कारण रविवारी पोहोचलेल्या ऑर्डरींच्या नोंदी केंद्रांकडून सोमवारी संध्याकाळपर्यंत येत राहतात. सोमवारी फाइल उतरवली तर त्या ऑर्डरी अजून पोहोचल्याच नाहीत असे दिसते आणि टक्केवारी विनाकारण खाली येते. अहवाल एक दिवस आधी द्यावा, अशी विचारणा आपल्याकडेही होईल. तेव्हा हे कारण सांगावे.

डाउनलोड करताना एक फाइल न घेता दोन घ्याव्यात: नुकत्याच संपलेल्या आठवड्याची आणि त्याच्या मागच्या आठवड्याची. मागच्या आठवड्याची जुनी फाइल फोल्डरमध्ये आधीपासून असतेच. तिच्या जागी नवी ठेवायची, आणि ती जुनी फाइल व त्याआधीच्या आठवड्याची फाइल अशा दोन्ही जपणुकीच्या फोल्डरमध्ये हलवायच्या. दोन्ही फाइली एकाच बैठकीत उतरवण्यामागे कारण आहे. एखाद्या ऑर्डरीची देय तारीख पुढे ढकलली गेली, तर ती मागच्या आठवड्यातून निघून या आठवड्यात येते. मागची फाइल जुनीच राहिली, तर तीच ऑर्डर दोन्ही फाइलींत सापडेल आणि दोनदा मोजली जाईल. फाइलींची नावे `orders_2025W08.csv` अशा पद्धतीची असतात. त्यातला आठवड्याचा क्रमांक आयएसओ पद्धतीचा आहे, म्हणजे वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, आणि २०२६ या वर्षात ५३ आठवडे येतात. एक्सेलमध्ये हा क्रमांक काढण्यासाठी `ISOWEEKNUM` वापरावे. साधे `WEEKNUM` रविवारपासून आठवडा धरते आणि १ जानेवारीला नेहमीच पहिल्या आठवड्यात टाकते, त्यामुळे त्याचे उत्तर वेगळे येऊ शकते.

डाउनलोड झालेली सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नये, आणि उघडलीच तर जतन करू नये. आपल्या केंद्रांचे कोड `017` असे शून्याने सुरू होतात. एक्सेल फाइल थेट उघडताना त्यांना संख्या समजते, आणि ती जतन केली की शून्य पुसले जाऊन `17` उरते. त्यानंतर यादीशी जोडणी होत नाही. फाइलीत डोकावून पाहायचेच असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी.

फाइली जागेवर ठेवल्या की `Data` टॅबवरील `Refresh All` दाबावे. इथे एक बाब समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या क्वेरीच्या गुणधर्मांत `Enable background refresh` या पर्यायावर खूण असेल, तर ती क्वेरी मागे चालू राहते आणि एक्सेल तिच्यासाठी न थांबता पिव्हट ताजी करायला घेते. त्यामुळे पिव्हटमध्ये मागच्या आठवड्याचाच आकडा राहतो, आणि पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही. वर्कबुकमधल्या सर्व क्वेरींवरची ही खूण मी काढून ठेवली आहे. मात्र नवी क्वेरी जोडली की तिच्यावर ती आपोआप येते, म्हणून नव्या क्वेरीवरची ती आठवणीने काढावी.

रिफ्रेश संपल्यावर उजव्या बाजूच्या `Queries & Connections` या पट्टीकडे पाहावे. तिथे प्रत्येक क्वेरीखाली किती ओळी उतरल्या ते लिहिलेले असते, आणि चुका असतील तर त्यांची संख्याही असते. ही संख्या दुर्लक्षून चालत नाही, कारण ज्या पेशीत चूक झाली ती शीटवर उतरताना कोरी दिसते आणि बेरजेत निमूटपणे वगळली जाते. सुरुवातीला आपल्याकडे नेमके हेच होत होते. ऑर्डर वेळेत पोहोचली की नाही हे ठरवणारा स्तंभ पोहोचल्याच्या तारखेची देय तारखेशी तुलना करतो, परंतु न पोहोचलेल्या ऑर्डरीला ती तारीखच नसते. अशा वेळी पॉवर क्वेरी तुलनेचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे न देता रिकामे देते, आणि त्यावर `if` लावले की चूक उद्भवते. म्हणून तारीख नसल्याचा प्रसंग आधीच वेगळा केला आहे:

```
if [DeliveredDate] = null then 0
else if [DeliveredDate] <= [DueDate] then 1
else 0
```

हा क्रम बदलू नये. तारखांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. फाइलीत तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष या क्रमाने येते, पण ज्या संगणकावर महिना आधी लिहिण्याची मांडणी आहे तिथे 04/03 ही तारीख चार मार्चऐवजी तीन एप्रिल अशी वाचली जाते. बाराच्या पुढचे दिवस महिना म्हणून वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे निदान चूक तरी दिसते. पहिल्या बारा दिवसांच्या तारखा मात्र गुपचूप उलटतात. क्वेरीत तारीख ओळखण्याच्या पायरीवर `"en-GB"` हे भाषा-मांडणीचे चिन्ह यासाठीच दिलेले आहे, आणि ती पायरी काढून टाकू नये.

आता ताळ्याकडे वळते. `Check` या शीटवर चार आकडे आहेत. ते चारही जुळल्याशिवाय मी आजवर अहवाल पाठवलेला नाही, अर्थात ही शीट तयार झाल्यानंतर. ती का तयार करावी लागली, हे आधी सांगणे योग्य होईल.

एके मंगळवारी मी नेहमीप्रमाणे रिफ्रेश केले. एकही चूक दिसली नाही आणि एकंदर वक्तशीरपणा ९०.६ टक्के आला. आदल्या आठवड्याशी तो सुसंगत वाटला आणि अहवाल गेला. दुपारी पूर्व विभागाच्या प्रमुखांनी विचारले की त्यांचा आकडा ८९.० टक्के कसा, कारण त्यांच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे तो ९२ च्या आसपास होता. मी ऑर्डर प्रणालीत जाऊन त्या आठवड्याची एकूण संख्या पाहिली. प्रणालीत ४,८१२ ऑर्डरी होत्या आणि माझ्या तक्त्यात ४,८६६ ओळी होत्या. ५४ ओळी जास्त होत्या आणि त्या कुठून आल्या हे वर्कबुकवरून कळत नव्हते.

त्या काळी फोल्डरमध्ये एकाच आठवड्याची फाइल असे, त्यामुळे ऑर्डर दोन फाइलींत असण्याची शक्यता नव्हती. कच्च्या फाइलीत प्रत्येक ऑर्डर क्रमांक एकदाच होता, पण `tblOrders` मध्ये ५४ क्रमांक दोनदा होते. त्या सर्व ऑर्डरी `017` या एकाच केंद्राच्या होत्या. कारण `Centres` यादीत सापडले. ते केंद्र पूर्व विभागातून उत्तर विभागात गेले होते. ही नोंद करताना कोणीतरी जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ जोडली होती. पॉवर क्वेरीतली जोडणी यादीत पहिली जुळणी शोधून थांबत नाही, तर जितक्या ओळी जुळतील तितक्या सर्व आणते. एका कोडच्या दोन ओळी असल्यामुळे प्रत्येक ऑर्डरीच्या दोन ओळी झाल्या, एक उत्तर विभागाची आणि एक पूर्व विभागाची.

पुढे हा परिणाम आकड्यांत कसा दडला ते पाहावे. त्या ५४ ऑर्डरींपैकी ३० वेळेत पोहोचल्या होत्या. पूर्व विभागाच्या खऱ्या ऑर्डरी ६१२ आणि वेळेत पोहोचलेल्या ५६३ होत्या, म्हणजे ९२.० टक्के. त्यांत या उसन्या ओळी मिसळल्यावर ६६६ पैकी ५९३ झाल्या आणि टक्केवारी ८९.० वर आली. उत्तर विभागाचा आकडा मात्र अगदी बरोबर होता, कारण केंद्र आता खरोखरच त्यांचे होते. एकूण आकडा ४,८१२ पैकी ४,३७९ म्हणजे ९१.० टक्के असायला हवा होता, तो ४,८६६ पैकी ४,४०९ होऊन ९०.६ दिसला. ०.४ चा हा फरक कोणत्याही आठवड्यात सहज पडू शकतो. आकडा नजरेला पटतो म्हणून तो बरोबर आहे असे मानता येत नाही, हे मला त्या दिवशी पुरते कळले, आणि त्याच आठवड्यात ताळ्याची शीट तयार झाली.

तिच्यातला पहिला आकडा ऑर्डरींच्या संख्येचा आहे. ऑर्डर प्रणाली डाउनलोडच्या पानावर प्रत्येक आठवड्याच्या एकूण नोंदी दाखवते. ती संख्या तिथून पाहून `Check` शीटच्या पिवळ्या पेशीत हाताने लिहायची असते, आणि तिच्या शेजारचे सूत्र तक्त्यातल्या त्या आठवड्याच्या ओळी मोजते:

```
=COUNTIFS(tblOrders[Week],B4)
```

हाताने लिहिण्याचा हा टप्पा आपोआप करून टाकण्याचा मोह होईल, आणि मलाही झाला होता. परंतु दोन्ही संख्या एकाच फाइलीतून आल्या, तर डाउनलोड अर्ध्यावर तुटून फाइल अपुरी आली असली तरी त्या एकमेकींशी जुळतीलच. ताळ्याची एक बाजू वर्कबुकच्या बाहेरून येणे गरजेचे आहे, म्हणून ती पेशी हातानेच भरावी. तारखा उलटल्या तरीही फरक इथेच दिसतो, कारण चुकीच्या तारखेमुळे ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात जाऊन पडते.

दुसरा आकडा पुनरावृत्तीचा आहे, आणि तो शून्य यायला हवा:

```
=ROWS(tblOrders[OrderNo])-ROWS(UNIQUE(tblOrders[OrderNo]))
```

पहिला ताळा जुळत असतानाही हा स्वतंत्रपणे पाहावा लागतो. काही ऑर्डरी गळल्या आणि योगायोगाने तेवढ्याच दुबार आल्या, तर एकूण संख्या बरोबर दिसेल. हा आकडा शून्य नसेल तर तो किती मोठा आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. तो पूर्ण आठवड्याच्या ऑर्डरींइतका असेल, तर फोल्डरमध्ये तीच फाइल दोनदा आहे असे समजावे. ब्राउझर दुसऱ्यांदा डाउनलोड करताना नावापुढे `(1)` जोडतो, आणि क्वेरी फोल्डरमधले सगळे उचलत असल्यामुळे ती प्रतही मोजली जाते. आकडा काही दहांत असेल, तर आधी केंद्रांच्या यादीत दुबार कोड शोधावा. आकडा अगदी लहान, चार-पाच इतका, असेल, तर बहुधा दोन फाइली वेगवेगळ्या वेळी उतरवलेल्या असतात.

तिसरा आकडा विभाग न सापडलेल्या ओळींचा आहे, आणि तोही शून्य हवा:

```
=COUNTBLANK(tblOrders[Region])
```

नवे केंद्र सुरू झाले आणि ते यादीत नसले, किंवा कोडमधले शून्य पुसले गेले, तर हा आकडा वाढतो. कधी कोडच्या शेवटी एक जागा मोकळी राहिलेली असते. माणसाला ती दिसत नाही, पण पॉवर क्वेरीला ते दोन वेगळे कोड वाटतात. जोडणीचा प्रकार मी मुद्दाम `Left Outer` ठेवला आहे. त्यात न जुळलेली ऑर्डर कोऱ्या विभागासह का होईना, तक्त्यात राहते. `Inner` निवडले तर अशी ऑर्डर नाहीशी होते आणि हा तिसरा आकडा नेहमीच शून्य येऊन दिलासा देतो, जो खोटा असतो.

चौथा आकडा पिव्हटमधली एकूण बेरीज आणि तक्त्यातल्या एकूण ओळी यांतला फरक आहे. तो शून्य नसला तर पिव्हट शिळी राहिली आहे. पुन्हा एकदा `Refresh All` दाबावे, आणि नंतर `Enable background refresh` वर खूण असलेली क्वेरी कोणती ते शोधावे.

दुबार कोडच्या प्रसंगानंतर काही सहकाऱ्यांनी सुचवले होते की क्वेरीतच यादीवर `Remove Duplicates` लावावे, म्हणजे प्रश्न पुन्हा उद्भवणार नाही. मी ते केले नाही आणि आपणही करू नये. त्यामुळे ओळी दुबार होणे थांबेल, पण दोनपैकी कोणती ओळ टिकली ते कोणालाच कळणार नाही, आणि केंद्र जुन्याच विभागात मोजले जाऊनही सारे ताळे जुळतील. दुबार कोड दिसला की तो यादीतच दुरुस्त व्हायला हवा. एका कोडची एकच ओळ, आणि केंद्र हलले की त्याच ओळीतला विभाग बदलायचा, हा नियम आहे.

ताळे जुळल्यावर शेवटचे काम `History` शीटचे. या आठवड्याचे प्रत्येक विभागाचे दोन आकडे, म्हणजे एकूण ऑर्डरी आणि वेळेत पोहोचलेल्या ऑर्डरी, तिथे केवळ मूल्ये म्हणून चिकटवायचे असतात, सूत्रे म्हणून नव्हे. टक्केवारी साठवायची नाही. अनेक आठवड्यांची किंवा विभागांची टक्केवारी काढताना वेळेत पोहोचलेल्यांच्या बेरजेला एकूण बेरजेने भागावे लागते. टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर साठ ऑर्डरींच्या विभागाला सहाशे ऑर्डरींच्या विभागाइतकेच वजन मिळते.

याच शीटवर मागच्या आठवड्याचा तेव्हा कळवलेला आकडा आणि आत्ता नव्या फाइलीतून येणारा आकडा शेजारी शेजारी दिसतात. ते तंतोतंत जुळणार नाहीत, आणि तसे जुळण्याची अपेक्षाही नाही. उशिरा आलेल्या नोंदींमुळे वेळेत पोहोचलेल्यांची संख्या थोडी वाढते, कारण ऑर्डर वेळेत पोहोचलेली असते, केवळ नोंद मागाहून झालेली असते. माझ्या पाहण्यात ही वाढ सहसा दहा-बारा ऑर्डरींच्या आत राहिली आहे. ती संख्या घटलेली दिसली तर मात्र थांबून पाहावे. उशिरा आलेल्या नोंदीने ती घटत नाही. ती घटते म्हणजे कोणीतरी आधीची तारीख बदलली आहे किंवा ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात हलवली आहे. अशा वेळी जपणुकीच्या फोल्डरमधली जुनी फाइल आणि नवी फाइल ऑर्डर क्रमांकाने ताडून बदललेल्या ओळी बाजूला काढाव्यात आणि संबंधित केंद्राला विचारावे. केंद्राचा विभाग नुकताच बदलला असेल, तर मागच्या आठवड्याचे त्या दोन विभागांचे आकडे उलटसुलट झालेले दिसतील, कारण नवी यादी जुन्या ऑर्डरींनाही लागू होते. तो बदल चुकीचा नाही, पण अहवालात एका ओळीची टीप द्यावी. `History` मधले आधी कळवलेले आकडे बदलू नयेत.

एखाद्या मंगळवारी ताळा जुळला नाही आणि अहवालाची वेळ जवळ आली, तर मी ठरलेल्या वेळी एवढेच कळवते की अहवाल दुपारपर्यंत येईल आणि कोणता ताळा किती ओळींनी चुकला आहे. आजवर यावर कोणी हरकत घेतलेली नाही. फरक सापडला की कारण आणि दुरुस्ती `Check` शीटच्या तळाशी तारखेसह लिहावी. तिथल्या जुन्या नोंदी आपण पहिल्या मंगळवारच्या आधी एकदा वाचून घ्याव्यात, कारण त्यांतले निम्म्याहून अधिक प्रसंग पुन्हा कधीतरी घडलेले आहेत.